क्रिप्टोमधील तोटा क्रिप्टोच्याच नफ्यातून वजा होऊ नये, हे योग्य आहे का?

मंदार
क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर घेतला जातो, याला माझा विरोध नाही. परंतु एका कॉइनमधला तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वजा करू द्यायचाच नाही, ही तरतूद मला अन्यायकारक वाटते. ज्यांना ती योग्य वाटते त्यांनी कारणासह लिहावे.

निखिल
माझ्या समजुतीप्रमाणे कायद्याने एवढेच म्हटले आहे की हा तोटा पगार, घरभाडे, शेअर्स अशा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येणार नाही. क्रिप्टोचा तोटा क्रिप्टोच्या नफ्यातून वजा करायला आडकाठी नसावी. फेब्रुवारी २०२२ मध्ये वित्त विधेयक आले तेव्हा मी ते कलम स्वतः वाचले होते आणि त्यात ‘इतर कोणत्याही तरतुदीखालील उत्पन्न’ अशा अर्थाचे शब्द होते.

शुभदा
निखिल, आपण वाचलेले शब्द विधेयकात खरोखर होते, आणि त्यावरून आपण काढला तोच अर्थ तेव्हा अनेकांनी काढला होता. मात्र मार्च २०२२ मध्ये विधेयक संमत होताना दुरुस्तीद्वारे त्यातला ‘इतर’ हा शब्द काढून टाकण्यात आला. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होणार नाही, हे सरकारने लोकसभेतील लेखी उत्तरातही त्याच महिन्यात स्पष्ट केले होते. त्यामुळे आज जे कलम ११५बीबीएच आपण वाचतो, त्यात हा तोटा कायद्याच्या कोणत्याही तरतुदीखालील उत्पन्नातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. आयकर कायदा, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले, पण हा नियम तसाच राहिला.

विवरणपत्रे भरून देणे हे माझे रोजचे काम आहे, आणि या नियमाचे स्वरूप मला सर्वांत स्पष्ट दिसते ते क्रिप्टोचे व्यवहार नोंदवायचा विवरणपत्रातला तक्ता, म्हणजे शेड्यूल व्हीडीए, भरताना. तिथे प्रत्येक व्यवहार वेगळ्या ओळीत भरायचा असतो: घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख, खरेदीची किंमत, मिळालेली रक्कम आणि शेवटी उत्पन्न. या शेवटच्या रकान्यात, तोटा असेल तर शून्य भरा, अशी सूचना आहे. म्हणजे वर्षभराचा नफा-तोटा एकत्र करण्याची संधी कुठेच येत नाही, कारण तोट्याची ओळ बेरजेपर्यंत पोचण्याआधीच शून्य झालेली असते.

समजा, एकाने इथेरियम ४ लाखांना घेऊन ७ लाखांना विकले आणि त्याच वर्षी दुसरा एक कॉइन ५ लाखांना घेऊन २ लाख ४० हजारांना विकला. पहिल्यात ३ लाख मिळाले, दुसऱ्यात २ लाख ६० हजार गेले, हाती ४० हजार उरले. कर मात्र पूर्ण ३ लाखांवर लागतो, म्हणजे ९० हजार, आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून ९३,६००. ज्याला वर्षभरात ४० हजार सुटले, तो कर भरून झाल्यावर ५३,६०० रुपयांनी खाली आहे. ३० टक्के हा दर मलाही मान्य आहे. पण इथे कर नफ्याच्या दुपटीहून अधिक झाला आहे आणि त्याला ३० टक्के म्हणणे मला शब्दांचा गैरवापर वाटतो.

रवींद्र
मी या तरतुदीच्या बाजूने आहे, आणि माझे कारण जुगार वाईट वगैरे नैतिक स्वरूपाचे नाही. माझे कारण असे की या मालमत्तेत तोटा तयार करणे फार सोपे आहे.

शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीचा भाव हजारो लोकांच्या खरेदी-विक्रीतून ठरतो. इथे हजारो टोकन असे आहेत की ज्यांत दिवसभरात मोजके व्यवहार होतात. एखाद्याला बिटकॉइनमध्ये १० लाखांचा नफा झाला, तर तो मार्चमध्ये असे एखादे टोकन चढ्या भावाने स्वतःच्याच दुसऱ्या वॉलेटकडून घेईल, पडत्या भावाने मित्राला विकेल आणि १० लाखांचा तोटा दाखवील. पैसा घरातच फिरला, नफा मात्र कागदावर नाहीसा झाला. दुसऱ्या वॉलेटमागे कोण आहे हे अधिकाऱ्याने शोधायचे कसे? वजावट दिली की प्रामाणिक माणसाच्या आधी हेच लोक तिचा लाभ घेतील. लॉटरीच्या बक्षिसावरही ३० टक्के कर आहे आणि न लागलेल्या तिकिटांचे पैसे तिथेही वजा होत नाहीत.

दिनेश
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. प्रत्येक विक्रीवर १ टक्का कर आधीच कापला जातो. मग तोच आपला कर झाला ना? वर पुन्हा ३० टक्के कशासाठी?

शुभदा
दिनेश, तो १ टक्का म्हणजे कलम १९४एस खालील टीडीएस. १ जुलै २०२२ पासून तो सुरू झाला. तो वेगळा कर नाही, आपल्या एकूण करातून त्याची वजावट मिळते. वरच्या उदाहरणात दोन्ही विक्रींवर मिळून ९,४०० रुपये कापले जातील आणि उरलेले ८४,२०० भरावे लागतील. लक्षात घ्या, तोट्यात झालेल्या विक्रीवरही २,४०० कापले गेले आहेत. टीडीएस कापताना त्या व्यवहाराची पूर्ण नोंद घेतली जाते, उत्पन्न मोजताना मात्र तोच व्यवहार शून्य धरला जातो.

अनघा
मी माझेच उदाहरण सांगते. मी १ लाखाचे एक टोकन घेतले होते. त्याचे मूल्य साडेतीन लाख झाले तेव्हा मी ते विकून रुपये घेतले नाहीत, थेट दुसऱ्या टोकनमध्ये बदलले. माझ्या मते मी काही विकलेच नव्हते, बँकेत एक रुपयाही आला नव्हता. जुलैत विवरणपत्र भरायला बसले तेव्हा मला कळले की कॉइन देऊन कॉइन घेणे हेही हस्तांतरणच आहे, त्या दिवशीच्या रुपयांतील मूल्यावर अडीच लाखांचा नफा धरला जातो, आणि कर ७८,००० होतो. दरम्यान दुसरे टोकन कोसळून ६०,००० वर आले होते. ते सगळे विकले असते तरी कर भरला गेला नसता, आणि विकून झालेला २ लाख ९० हजारांचा तोटा कुठेच धरला गेला नसता. मी मुदतठेव मोडून कर भरला. रवींद्र, आपण म्हणता तसा खोटा तोटा मी तयार केला नव्हता. माझी प्रत्येक नोंद केवायसी झालेल्या देशी एक्स्चेंजवर आहे.

रवींद्र
अनघाताई, आपल्या बाबतीत नियम कठोर ठरला हे मी मान्य करतो, आणि आपल्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. परंतु आपल्या उदाहरणातला मोठा दोष वेगळा आहे असे मला वाटते. कॉइनच्या बदल्यात कॉइन घेतल्यावर लगेच कर लावावा की रुपये हाती येईपर्यंत थांबावे, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि तिथे मी आपल्याशी सहमत होऊ शकतो. त्यावरून तोट्याची वजावट सर्वांना खुली करावी, हे सिद्ध होत नाही.

शुभदा
रवींद्र, ते दोन प्रश्न वेगळे आहेत हे मान्य, पण अनघा यांच्यावर आघात झाला तो दोन्ही एकत्र आल्यामुळे. वजावट असती तर त्याच वर्षी दुसरे टोकन विकून त्यांना तो नफा पुसता आला असता.

लॉटरीची तुलना मला इथे लागू वाटत नाही. न लागलेले तिकीट सोडतीनंतर संपते, कॉइन मात्र विकत घेतलेली, जवळ राहणारी आणि पुन्हा विकता येणारी वस्तू आहे. तुलना करायचीच तर ती शर्यतीच्या घोड्यांशी करावी. जुन्या कायद्याचे कलम ७४ए पाहा. शर्यतीचे घोडे पाळण्यात झालेला तोटा पगारातून वजा होत नाही, पण त्याच व्यवसायाच्या उत्पन्नातून होतो आणि ४ वर्षे पुढे ओढता येतो. सट्टा व्यवसायाच्या तोट्यालाही तशीच चौकट आणि तीच ४ वर्षे आहेत. म्हणजे सरकारला जे व्यवहार प्रोत्साहन देण्याजोगे वाटत नाहीत, त्यांनाही कायद्याने स्वतःच्या कुंपणाच्या आत तोटा भरून काढू दिला आहे. मी मागते आहे ते एवढेच कुंपण. पगारातून वजावट मी मागत नाही.

खोट्या तोट्याची भीती खरी आहे, म्हणून मर्यादा घालावी. ७ मार्च २०२३ पासून क्रिप्टोची सेवा देणाऱ्या संस्था मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या आहेत आणि त्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. अशा नोंदणीकृत एक्स्चेंजवर झालेला आणि टीडीएस कापला गेलेला तोटाच वजा होऊ द्यावा. खासगी वॉलेटमधल्या व्यवहारांचा तोटा वगळावा.

रवींद्र
ही सूचना मी आधी विचारात घेतली नव्हती, हे प्रांजळपणे सांगतो. तरी तिच्यात एक छिद्र आहे. टीडीएसची नोंद व्यवहार झाला एवढेच सांगते, भाव खरा होता की ठरवून दिलेला, हे ती सांगत नाही. नोंदणीकृत एक्स्चेंजवरही मोजकी उलाढाल असलेली टोकने असतातच, आणि दोन ओळखीचे लोक तिथे ठरवून व्यवहार करू शकतात.

निखिल
मग व्यवसाय म्हणून दाखवले तर? मी रोज व्यवहार करतो. एक्स्चेंजची फी, इंटरनेट, सॉफ्टवेअर हे खर्च तरी मिळतील.

शुभदा
नाही मिळणार. शेड्यूलमध्ये भांडवली नफा की व्यवसाय हे निवडावे लागते, पण दोन्हीकडे खरेदी किमतीखेरीज कोणतीच वजावट नाही. एक्स्चेंजची विक्रीवरची फीसुद्धा नाही.

तुम्ही रोज व्यवहार करता, म्हणून त्याहून मोठ्या गोष्टीकडे लक्ष वेधते. एकाच कॉइनचे १०० नग हजार रुपये भावाने घेतले आणि नंतर १०० नग दोन हजारांनी घेतले. मग १०० नग पंधराशेने विकले. आधी घेतलेले आधी विकले असे धरले, तर ५० हजारांचा नफा आणि १५,६०० रुपये कर. पुढे उरलेले १०० नगही पंधराशेनेच विकले, तर ५० हजारांचा तोटा, जो शून्य धरला जाईल. आता हाच हिशेब सरासरी किमतीने करा. सरासरी पंधराशे येते, दोन्ही विक्रींत नफा शून्य आणि कर शून्य. माणूस तोच, पैसे तेच, त्याने कमावले काहीच नाही, आणि फक्त हिशेबाच्या पद्धतीने साडेपंधरा हजारांचा फरक पडला. कोणती पद्धत वापरावी हे कलम ११५बीबीएच सांगत नाही. मी आधी घेतलेले आधी विकले हीच पद्धत धरते आणि ती दरवर्षी तशीच ठेवते. सरासरी धरणारे सहकारीही मला माहीत आहेत.

मंदार
शुभदाताई, एक्स्चेंजवरून मिळणाऱ्या वार्षिक कर-अहवालात कोणती पद्धत असते? मी तर आजवर तेच आकडे थेट उतरवत आलो आहे.

शुभदा
ते त्या अहवालातच पाहावे लागेल, आणि दोन एक्स्चेंज वापरत असाल तर दोन्हीकडे पद्धत एकच आहे ना, हे आधी तपासा. एकीकडून कॉइन दुसरीकडे हलवले असतील, तर दुसऱ्या एक्स्चेंजला आपली मूळ खरेदी किंमत ठाऊक नसते आणि काही वेळा ती शून्य धरलेली आढळते. तसे असेल तर पूर्ण विक्रीची रक्कमच नफा म्हणून दिसेल. बँकेच्या खात्याशी आणि मूळ खरेदीच्या नोंदींशी ताळा करूनच आकडे भरा.

रवींद्र
पद्धतीबाबतची संदिग्धता दूर व्हावी, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. वजावटीबाबत मात्र ठरवून केलेल्या भावाचे काय करायचे, याचे उत्तर मिळेपर्यंत मी माझे मत बदललेले नाही.