मेण आणि पिंजर

"नातीच्या लग्नात आजीने कुठली टिकली लावली, कुठले दागिने निवडले? कुणाच्या घरची गोष्ट असेल तर सांगा ना."

आमच्या आजीची सांगते. ताईच्या लग्नाच्या आदल्या रात्री तिने डबा उघडला आणि बोरमाळ कानाशी धरून हलवली. बारीक खुळखुळली. "आतली लाख सुटलीय गं, मणी चेपतील," म्हणत बाजूला ठेवली. पोकळ मण्यांत लाख भरलेली असते, हे मला तेव्हा कळलं. कुड्याही नकोत, कानाची पाळी ओघळलीय. मोहनमाळ आणि पाटल्या ठरल्या.

टिकलीपाशी मात्र ती बराच वेळ थांबली. आईने आणलेलं पाकीट तिने परत दिलं. चिकटवायच्या टिकल्यांनी तिच्या कपाळावर पांढरा डाग उठला होता आणि त्वचेच्या डॉक्टरांनी त्या कायमच्या बंद करायला सांगितल्या होत्या. तिने मेणाची डबी काढली. बोटाच्या उबेने मेण मऊ करून डागाच्या जरा वर गोल लावलं, त्यावर पिंजर दाबली आणि सांडलेली पिंजर सुती पदराने टिपली.

"मधोमध आहे ना गं?" तिने ताईला विचारलं. ताईने तिची हनुवटी धरून नीट पाहिलं आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी भर मे महिन्यात, अक्षता पडताना आजी घामाने भिजली होती. कुंकू जागेवरच होतं.