उभं राहिल्यावर नाडी ७४ वरून ११८, डोकं हलकं होतं. मदत हवी आहे

डोंबिवलीकर_मी: धाकटी बहीण, वय २४. पाच आठवड्यांपूर्वी डेंग्यू होऊन गेला. आता लोकलमध्ये ठाण्यापर्यंत उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते, बसली की बरं वाटतं. घड्याळात झोपून ७४, उठल्याबरोबर ११८. हृदयाचं काही असेल का?

खारीबिस्किट: बीपी लो आहे. मीठ-साखरेचं पाणी चालू करा, आठवड्यात ठणठणीत.

नाडीपरीक्षक: बीपी मोजल्याशिवाय लो कसं म्हणायचं? उठल्याबरोबरचा आकडाही सोडून द्या. पहिल्या अर्ध्या मिनिटात नाडी सगळ्यांचीच उडते, मग खाली येते. ती खाली येते की वरच राहते, हे बघायचंय.
सकाळी चहाआधी दहा मिनिटं शांत पडू दे, मग दंडाच्या मशीनवर बीपी आणि नाडी घ्या. उभं करून १, ३, ५ आणि १० मिनिटांनी पुन्हा. पाय हलवायचे नाहीत, बोलायचं नाही, दंड छातीच्या उंचीला धरा. शेजारी कुणीतरी हवंच. अंधारी आली तर लगेच बसवा आणि कितवं मिनिट ते लिहा.

माहेरवाशीण: सासऱ्यांना प्रोस्टेटच्या गोळीने असंच व्हायचं. गोळी बदलली, थांबलं. हिची कुठली गोळी चालू आहे का?

डोंबिवलीकर_मी: गोळी नाही. आजचे आकडे: झोपून ७२, बीपी ११२/७४. उभं राहून १ मिनिटाला १०८, ३ ला १०४ (बीपी ११०/७६), ५ ला ११०, १० ला ११४ (बीपी १०८/७८). आठव्या मिनिटापासून डोकं हलकं.

नाडीपरीक्षक: म्हणजे वरचं बीपी चारनेच उतरलं. तीन मिनिटांत वरचं २० किंवा खालचं १० उतरलं असतं तर बीपी पडतं म्हटलं असतं. सासऱ्यांचं बहुधा तसं असणार. इथे बीपी टिकवायला हृदय ४२ ठोके जास्त मारतंय. मोठ्या माणसात ३० च्या वरची वाढ दहा मिनिटांत दिसली, बीपी पडलं नाही आणि त्रास तीन महिने टिकला, तर 'पॉट्स' या, उभं राहिल्यावर नाडी वाढण्याच्या आजाराचा विचार करतात. १९ वर्षांपर्यंतच्या मुलांत ४० धरतात.
पण पाच आठवड्यांत हे नाव चिकटवू नका. ताप, अंथरुणावरचे दिवस, कमी पाणी, रक्त कमी असणं, थायरॉईड, यातल्या कशानेही हेच आकडे येतात. फिजिशियनकडे ही वही न्या. सीबीसी, टीएसएच, ईसीजी एवढ्यापासून सुरुवात होईल. पाळीत रक्त जास्त जातं का, हे मुद्दाम सांगा.

खारीबिस्किट: म्हणजे माझं पाणी चुकीचं नव्हतं!

नाडीपरीक्षक: पाणी बरोबर, निदान चुकीचं. साधं पाणी वाढवा, पण जादा मीठ डॉक्टरांना विचारूनच. चालताना-धावताना शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा शौच काळं झालं, तर वाट बघू नका.

डोंबिवलीकर_मी: पाळी जास्तच जाते, दोन वर्षं. डेंग्यूतल्या सीबीसीत सगळ्यांचं लक्ष प्लेटलेटवर, हिमोग्लोबिन कुणी पाहिलंच नाही. कागद शोधतो.