मैत्रिणीला दिवस गेलेत, निरोप काय लिहावा? तुमचे अनुभव सांगा

दारव्ह्याची लेक
माझी शाळेपासूनची मैत्रीण दिग्रसकडच्या एका खेड्यात दिली आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली, वाट पाहून पाहून थकली होती बिचारी. परवा तिच्या दोन ओळी आल्या: "गोड बातमी आहे. दुसरा महिना संपत आला. घरात फक्त ह्यांना नि सासूबाईंना माहीत आहे." वाचून डोळ्यांत पाणी आलं.
आता उत्तर द्यायचं आहे आणि हात अडतो आहे. घरात मोठा फोन एकच. दिवसा तो तिच्या नवऱ्याबरोबर वावरात असतो, संध्याकाळी सासरे कापसाचे भाव पाहतात, मग पुतण्या व्हिडिओ लावून बसतो. माझा आनंद तर तिला कळायलाच हवा, पण तिच्याआधी तो ओसरीत कळायला नको. तुम्हाला अशा वेळी आलेला कोणता निरोप बरा वाटला? तुम्ही काय लिहिलंत?

मूर्तिजापूरहून
माझं पहिलं दहाव्या आठवड्यात गेलं. त्याआधी आलेले निरोप मला अजून पाठ आहेत. तारीख कोणती दिली, डॉक्टर कोण, पपई खाऊ नको, जिना चढू नको. ज्यांनी तारीख विचारून घेतली होती ते नंतरही "आता कितवा?" म्हणून विचारत राहिले. दर वेळी तेच सांगावं लागायचं.
एका मैत्रिणीने एवढंच लिहिलं होतं: "वाचलं आणि निंदण सोडून धुऱ्यावर येऊन बसले गं. लय आनंद झाला. सांगावंसं वाटेल तेवढंच सांग." तिने काही विचारलंच नव्हतं, म्हणून वाईट झालं तेव्हा पहिला फोन तिलाच केला. दुसऱ्या वेळी बाकीच्यांनी लिहिलं, "आता तरी काळजी घे." त्या 'आता तरी'नं फार लागलं. म्हणजे मागच्या वेळी मीच घेतली नव्हती काय? तिने मात्र पुन्हा तेवढाच आनंद कळवला, मागचं काढलं नाही.

वरुडचा संत्रेवाला
एवढं टेन्शन कायले? व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधून निळ्या टिका बंद करायच्या, मंग कोणी वाचलं तं समजतच नाही. मी माह्या फोनवर तसंच करून ठेवलं. आन् तीन महिने सांगू नये म्हणतात ते खरंच आहे, नजर लागते.

चिमूर तालुक्यातली आशा
दादा, निळ्या टिका बंद केल्या तर पाठवणाऱ्याला कळत नाही की वाचलं. पण ज्याच्या हातात फोन आहे त्याला मेसेज दिसतोच, बंद पडद्यावर पहिली ओळ वर येते. तिथला मजकूर लपवायची सेटिंग तिच्या फोनवर करावी लागते, आपल्या नाही.
तीन महिन्यांचं म्हणाल तर बहुतेक गर्भपात पहिल्या बारा आठवड्यांतच होतात. म्हणून बाया थांबतात. नोंदणी मात्र त्याच बारा आठवड्यांत व्हावी असं आम्ही पाहतो, त्यामुळे गल्लीला बातमी आधी माझ्या सायकलवरून लागते. एका दारात मी दोनदा थांबले की शेजारीण विचारते, "काय गं, हिचं काही आहे काय?" मी म्हणते, सर्व्हे आहे. म्हणून सांगते, तिने तुम्हाला स्वतः सांगितलं हे मोठं आहे. दुसऱ्या कोणाकडून कानावर आलं असतं तर मी म्हटलं असतं, तिने सांगेपर्यंत काहीच लिहू नका.
आवाजाचा मेसेज तर नकोच. पुतण्या बोट लावतो आणि सगळ्या ओसरीला ऐकू येतं. आणि "पोरगाच होणार बघ" असं प्रेमानंही लिहू नका. गर्भलिंग तपासणी 1994 च्या कायद्याने बंद आहे, पण घरातलं ते बोलणं बंद नाही. ज्या घरात आधीच दोन पोरी आहेत तिथं त्या एका ओळीनं बाई रात्रभर जागी राहते, हे मी पाहिलं आहे.

पांढरकवड्याची आजी
माह्या सुनेले पाचवा लागला. पहिलंच हाय. ते पाच हजार भेटतात म्हणे, ते कुठून भेटतात? दोनदा जाऊन आली, कोणी नीट सांगत नाही.

चिमूर तालुक्यातली आशा
आजी, पहिल्या बाळाला 5000, दोन हप्त्यांत. सुनेचं आधार, तिच्या नावाचं बँक खातं आणि जच्चा-बच्चा कार्ड घेऊन गावच्या आशाकडे नाहीतर अंगणवाडीत जा. तिथेच फॉर्म भरतात.

दारव्ह्याची लेक
हे लिहिलं आहे, पाहून सांगा:
"अगं किती आनंद झाला! तू आई होणार यावर विश्वासच बसत नाही! त्रास होतो काय? कोणत्या दवाखान्यात दाखवते? मी कोणाला सांगणार नाही. जड उचलू नको. या रविवारी येते भेटायला."

मूर्तिजापूरहून
पहिली ओळ फार गोड आहे, ती ठेव. पण 'आई होणार' हेच शब्द पडद्यावर वर येतील. तिने जे लिहिलं त्यालाच धरून 'तुझा निरोप वाचला' म्हण, तिला समजेल, दुसऱ्याला नाही. दवाखाना आणि त्रास काढ. प्रश्न आला की उत्तर देणं आलं, आणि उत्तर ती तो फोन हातात असताना टाइप करणार. जड उचलू नको हेही काढ. कापूस वेचणीचे दिवस आहेत. गाठोडं उचलायचं की नाही हे त्या घरात ती एकटी ठरवत नाही. रविवारी येते म्हणशील तर सासरे विचारतील, एकाएकी काऊन येते?

दारव्ह्याची लेक
"मी कोणाला सांगणार नाही" हे तरी राहू दे ना? तिला धीर येईल.

चिमूर तालुक्यातली आशा
ते वाचूनच दुसऱ्याला कळतं की काहीतरी लपवायचं आहे. तिचा फोन येईल तेव्हा तोंडी सांगा.

मूर्तिजापूरहून
मला नाही पटत. मला तेव्हा हेच वाक्य लिहिलेलं हवं होतं. फोनवर बोलायला आमच्याकडे एकांत मिळतो कुठं?

आर्णीचा मास्तर
माझी कॉलेजची मैत्रीण आहे, तिचंही असंच कळलं, तिनेच सांगितलं. मी पुरुष माणूस, सरळ लिहिलं तर तिच्या घरी वेगळा अर्थ काढतील. बायकोच्या फोनवरून लिहावं काय? पण तिने मला सांगितलं होतं, बायकोला नाही.

मूर्तिजापूरहून
सर, बायकोला सांगू काय हे आधी तिलाच विचारा. न विचारता सांगितलं तर तिची गोष्ट एका माणसाकडे जास्त गेली.

आर्णीचा मास्तर
विचारायलाही लिहावंच लागेल ना.

दारव्ह्याची लेक
शेवटी हे पाठवलं: "तुझा निरोप वाचला गं. किती आनंद झाला म्हणून सांगू! उत्तराची घाई करू नको. रात्री नऊनंतर मी मोकळी असते, मिस कॉल दे, मीच लावते. तुमची तूर फुलावर आली काय? आमची यंदा उशिरा आहे." कोणाला सांगणार नाही हे लिहिलं नाही, फोनवर सांगेन. आज तिच्याकडून तुरीचा फोटो आला, खाली एक लाल बदाम. बाकी काही लिहिलं नाही. मीही विचारलं नाही.

वरुडचा संत्रेवाला
तो पडद्यावरचा मजकूर लपवायची सेटिंग कुठं असते ते सांगा ना ताई. बायकोच्या फोनवर करून द्याची आहे. तिच्या बहिणीचेही असेच मेसेज येतात.