अनुभव धागा : लॅपटॉपच्या पॅनेलमागचं लेबल वाचून पार्ट मिळवलात का?

मेघना, रामबाग (इंदूर)
भाचीच्या लॅपटॉपची स्क्रीन फुटली. जेल रोडवर दोन दुकानांत लॅपटॉपचं मॉडेल सांगितलं, तर एकाने तीस पिनांचं पॅनेल काढलं, दुसऱ्याने चाळीस पिनांचं. दोघंही म्हणतात, "हेच लागेल." मग शेजारच्या मुलाने कडेची पट्टी उचकटून पॅनेल बाहेर काढलं. मागे लिहिलंय `LP156WHB (TP)(A1)`. असं लेबल वाचून कुणी नेमका पार्ट शोधला असेल तर सविस्तर लिहा.

जुना_कारागीर
दुकानदारांना फार दोष देऊ नका. लॅपटॉपची कंपनी एकाच मॉडेलमध्ये तीन-चार कारखान्यांची पॅनेलं घालते, त्यामुळे खालच्या स्टिकरवरून अंदाजच बांधता येतो. खरा कागद म्हणजे पॅनेलची पाठ.

तुमचं वाचू या. `LP` म्हणजे एलजी डिस्प्ले. `156` म्हणजे १५.६ इंच. `WH` म्हणजे १३६६ × ७६८. फुल एचडी असतं तर तिथे `WF` दिसलं असतं. कामाची गोष्ट पहिल्या कंसात आहे. `T` ही काचेची जात, टीएन. आयपीएसला एलजी `S` लिहिते. त्यापुढचा `P` म्हणजे ईडीपी जोडणी. तिथे `TL` असतं तर जुनी एलव्हीडीएस. म्हणजे तीस पिनांचं काढणारा बरोबर आहे. दुसरा कंस उपआवृत्तीचा. तो बदलला की कधी पत्र्याचे कान बदलतात, कधी काहीच नाही, म्हणून तिथे अक्षरावर न जाता फोटो जुळवायचा.

हेच पॅनेल मिळायला हवं असंही नाही. बीओईचं `NT156WHM-N12` याच्या जागी सर्रास बसतं. घेण्याआधी चार गोष्टी समोरासमोर ठेवून पाहा: पिना, जोडणीची जागा, कान वर-खाली आहेत की बाजूंना, आणि जाडी.

सुलभाताई
माझ्या मिक्सरचं स्टिकर पुसलंय हो, फक्त आयएसआयची खूण आणि तिच्याखाली सीएम/एल नंबर वाचता येतो. त्यावरून भांड्याचं कपलर मिळेल का?

जुना_कारागीर
ताई, तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. परवाना कुणाचा ते कळेल. पण कपलर कुठलं ते त्यातून निघणार नाही. जुनं कपलर खोलून दुकानात न्या.

राहुल_विजयनगर
भिया, एवढा कंस वाचायची गरजच काय? पिना मोजा. चाळीस म्हणजे एलव्हीडीएस, तीस म्हणजे ईडीपी. संपलं.

जुना_कारागीर
जुन्या साध्या लॅपटॉपपुरतं ठीक. पण १४४ हर्ट्झची गेमिंग पॅनेलं, ४के आणि काचेतच टच असलेली पॅनेलं ईडीपी असूनही चाळीस पिनांची येतात. चाळीस पिना पाहून एलव्हीडीएस पॅनेल जोडलं, तर वायर बसल्यासारखी वाटेल, पण बॅकलाइटचा पुरवठा चुकीच्या पिनेवर जाऊ शकतो. मग पॅनेलबरोबर बोर्डही जाण्याची भीती.

बडोदेकर_निनाद
पॅनेल न खोलताही बरंच कळतं. एचडीएमआयने टीव्ही जोडा म्हणजे समोर काहीतरी दिसेल. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, मॉनिटर्स, त्यात डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी. तिथे `MONITOR\` नंतरची तीन अक्षरं कारखान्याची: `LGD` एलजी डिस्प्ले, `AUO` एयूओ, `CMN` इनोलक्स, `BOE` बीओई. यादीत टीव्हीचीही नोंद दिसते, ती धरू नका. काच फुटली तरी आतली चिप बहुधा उत्तर देते. केबलच गेली असेल तर नाही.

याचा आणखी एक उपयोग. माझ्याकडे आलेल्या एका "नव्या" पॅनेलवर एलजीचं लेबल होतं आणि आयडी मात्र `CMN` दाखवत होता. नखाने कोपरा उचलला तर खाली दुसरं स्टिकर. दुकानाने कुरकुर न करता बदलून दिलं.

राहुल_विजयनगर
पण ती चिपही पुन्हा लिहिता येते ना? मग भरवसा कशाचा?

बडोदेकर_निनाद
येते. एका पॅनेलसाठी कोण एवढी खटपट करेल, असं मला वाटतं.

जुना_कारागीर
घाऊक माल विकणारा करेल की. माझा भर पाठीकडच्या छापील हिरव्या पट्टीवर. तिच्यावरचा मजकूर लेबलाशी जुळला की मी माल ठेवतो. तोही पक्का पुरावा नव्हे.

मेघना, रामबाग (इंदूर)
पहिल्या दुकानातून `NT156WHM-N12` चा पाठीचा फोटो मागवला. कान वर-खाली, जोडणी खाली उजवीकडे, आपल्यासारखीच. जाडी फोटोत कळत नाही, तर उद्या जुनं पॅनेल घेऊनच जाते. दुकानदार म्हणतो "ए प्लस ग्रेड". हे लेबलवर कुठे छापलेलं असतं का, की नुसतं तोंडी?