मदत हवी आहे: 1050 फुटांचा टू बीएचके घ्यावा की 920 फुटांचा? जाहिरातीतले शब्द समजावून सांगा

कपाशीवाला_आर्वी

नमस्कार मंडळी. आम्ही आर्वी तालुक्यातले, शेती कोरडवाहू, कापूस-तूर. मुलीला अकरावीला वर्ध्याला टाकायचं आहे, मागून मुलगाही येईल. भाड्याच्या खोल्यांपेक्षा लहानसा फ्लॅटच घ्यावा असं घरात ठरतंय. बांधकाम सुरू असलेल्या दोन इमारतींची पत्रकं हातात आहेत.

पहिलं: "प्रशस्त 2 बीएचके, 1050 चौ. फूट, दर फक्त 2,700, रेरा मंजूर, वाढीव एफएसआयचा लाभ." म्हणजे 28,35,000.
दुसरं: "2 बीएचके, 920 चौ. फूट, दर 2,950." म्हणजे 27,14,000. खाली बारीक अक्षरात रेरा नंबर.

एक लाख एकवीस हजार जास्त देऊन 130 फूट जास्त मिळतात, दरही कमी, म्हणून माझा कल पहिल्याकडे आहे. पण साळा म्हणतो, आधी कार्पेट विचारा. पहिल्याच्या ऑफिसात विचारलं तर पोरगा म्हणाला, "काका, सगळं धरून 1050 आहे, बिनधास्त राहा." हे सगळं धरून म्हणजे काय काय धरून? आणि बीएचके, एफएसआय, रेरा या शब्दांतून माझ्या पदरात नेमकं काय पडतं?

पांढरकवडा_एक्सप्रेस

भाऊ, सोपं हाय. एफएसआय जास्त म्हंजे फ्लॅट मोठा. वाढीव एफएसआय हाय तर उद्या तुमाले वरती खोली काढता येते. पहिलाच घ्या. आन् रेरा मंजूर हाय म्हंजे सरकारनं पाहूनच देलं असंन, टेन्शन घ्याचं काम नाई.

नकाशेवाला

पांढरकवडा भाऊ, थांबा जरा. एफएसआय फ्लॅटचा नसतो, प्लॉटचा असतो. 6,000 फुटांच्या प्लॉटला 1.1 एफएसआय असेल तर सगळे मजले मिळून 6,600 फूट बांधकाम बसतं. प्रीमियम भरून त्यात वाढ मिळते, ती समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर बरीच अवलंबून असते. त्या 6,600 चे बाराशे-बाराशेचे फ्लॅट करायचे की सहाशेचे, हे बिल्डर ठरवतो. त्यामुळे एफएसआयवरून तुमच्या फ्लॅटची एक फूटही जागा कळत नाही, आणि वर खोली काढायचा हक्क फ्लॅट घेणाऱ्याला आपोआप येत नाही.

उलट त्या पत्रकात "वाढीव एफएसआयचा लाभ" वाचून मी विचारलं असतं की लाभ कोणाला? बिल्डरकडे एफएसआय शिल्लक असेल तर चार मजल्यांवर पाचवा चढू शकतो. पार्किंग तेवढंच, बोअरचं पाणी तेवढंच, माणसं जास्त. बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या रेरा कायद्यात याला आडकाठी आहे: मंजूर नकाशात मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते. पण करारनाम्यातच "पुढील सर्व बदलांना संमती आहे" असं वाक्य टाकून ठेवण्याची पद्धत आहे. ते शोधा.

आता मूळ प्रश्न. कपाशीवाले, दोन्ही प्रकल्पांचे रेरा नंबर इथे टाकू नका, स्वतःच maharera.maharashtra.gov.in वर शोधा. प्रकल्पाच्या पानावर फ्लॅटचे प्रकार आणि प्रत्येकाचं कार्पेट, म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतली जागा, चौरस मीटरमध्ये दिलेलं असतं. बाल्कनी वेगळी दाखवतात. 10.764 ने गुणलं की फूट येतात. ते आकडे इथे लिहा.

रेखा_पुलगाव

माझा पण असाच विषय आहे म्हणून इथेच विचारते. आम्ही लेआउटमध्ये 1,500 फुटांचा प्लॉट बघतोय. विकणारा म्हणतो प्लॉटला कार्पेट नसतं तर रेरा कशाला लागेल, एनए आहे तेवढं पुरे. बरोबर आहे का हो?

नकाशेवाला

रेखाताई, कार्पेटचा आणि नोंदणीचा संबंध नाही. लेआउट पाडून प्लॉट विकणं हाही रेराच्या भाषेत प्रकल्पच. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा लेआउट असेल तर नोंदणीआधी जाहिरातही करता येत नाही. एनए म्हणजे जमिनीचा वापर बदलायची परवानगी, ती वेगळी गोष्ट. बाकी प्लॉटसाठी वेगळा धागा काढा, इथे कपाशीवाल्यांचं राहून जाईल.

कपाशीवाला_आर्वी

बघितलं. दुसऱ्याचा नंबर इंग्रजी पी ने सुरू होतो, लगेच सापडला. कार्पेट 61.20 चौ. मीटर, बाल्कनी 4.20.

पहिल्याच्या पत्रकावर नंबर आहे, पण तो ए ने सुरू होतो आणि टाकला की माणसाचं नाव येतं, इमारतीचं नाही. मग इमारतीच्या नावाने शोधलं तेव्हा प्रकल्प सापडला. कार्पेट 56.40, बाल्कनी 6.10. हे खरं असेल तर 1050 कुठून आलं?

नकाशेवाला

ए वाला नंबर दलालाचा. त्याची नोंदणी आहे एवढंच त्यातून कळतं, इमारतीबद्दल काही नाही. जाहिरातीवर प्रकल्पाचा पी वाला नंबर हवा, आणि ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. प्रकल्प नोंदलेला असूनही पत्रकावर त्याचा नंबर नाही, तर पत्रक कोणी छापलं ते विचारा.

आता हिशेब. पहिला: 56.40 म्हणजे 607 फूट. दुसरा: 61.20 म्हणजे जवळपास 659 फूट. म्हणजे 1050 वाला फ्लॅट आतून 52 फूट लहान आहे, आणि वर एक लाख एकवीस हजार जास्त मागतोय. दर कार्पेटवर काढा: 28,35,000 भागिले 607 म्हणजे सुमारे 4,670 रुपये फूट. दुसरा 27,14,000 भागिले 659, सुमारे 4,120. पत्रकात स्वस्त दिसतो तो साडेपाचशे रुपयांनी महाग निघाला. बाल्कनी मिळवून पाहिली तरी पहिला 4,214 आणि दुसरा 3,855 च्या आसपास येतो, क्रम बदलत नाही.

1050 असं येतं. आधी कार्पेट, त्यावर बाल्कनी, त्यावर बाहेरच्या भिंतींची जाडी. इथवर त्याला बिल्टअप म्हणतात. मग जिना, लिफ्ट, लॉबी, वॉचमनची खोली यातला तुमचा वाटा चढवतात, ते सुपर बिल्टअप. हा वाटा किती चढवायचा याला कायद्यात माप नाही. दुसऱ्याने 659 चे 920 केले, म्हणजे सुमारे 40 टक्के चढवले. पहिल्याने 607 चे 1050, म्हणजे 73 टक्के. काटा त्याच्याच हातात आहे म्हणून सुपर बिल्टअपचा दर दोन इमारतींत लावून बघण्यात अर्थ नाही.

वाडीचा_पोस्टमन

एक शंका. माझ्या भावाने नागपूरला ताबा घेतल्यावर टेपने खोलीखोली मोजली. करारात कार्पेट 640, बेरीज आली 608. त्याने भांडण काढलं, बिल्डर म्हणतो बरोबरच आहे. कोण खोटं?

नकाशेवाला

कदाचित कोणीच नाही. रेराच्या कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंती धरत नाहीत, पण खोल्यांमधल्या आतल्या भिंतींखालची जागा धरतात. सत्तर फूट लांबीच्या पाच इंची भिंती असतील तर तिथेच जवळपास तीस फूट जातात. खोल्यांची बेरीज म्हणून नेहमी कमी येते. बाहेरच्या भिंतींच्या आतल्या पृष्ठभागापासून पूर्ण लांबी-रुंदी मोजायला सांगा, पाइपांचा डक्ट वजा करा, बाल्कनी वेगळी ठेवा. तरीही तफावत तीन टक्क्यांच्या वर गेली तर महारेराच्या नमुना करारनाम्यात पैसे परत मागायचं कलम आहे. भावाच्या करारात ते तसंच ठेवलंय का ते पाहा.

वाडीचा_पोस्टमन

करार नागपूरलाच आहे, दिवाळीत गेलो की बघतो.

हिंगणघाट_वकिलीण

नकाशेवाल्यांचं बहुतेक बरोबर आहे, दोन गोष्टी जोडते. "रेरा मंजूर" असं काही नसतं. महारेरा प्रकल्पाची नोंद करतं, भाव किंवा विटांचा दर्जा तपासून शिक्का मारत नाही. नोंदणीचा उपयोग असा की बिल्डरने दिलेली माहिती आणि काम पूर्ण करायची तारीख त्याच्यावर बांधील होते. तारीख उलटली आणि तुम्हाला बाहेर पडायचं असेल तर कलम 18 खाली व्याजासह पैसे मागता येतात. तेव्हा पानावरची ती तारीख आणि आधी मुदतवाढ घेतलीय का, हे कपाशीवाल्यांनी दोन्हीकडे बघावं.

दुसरं, नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांच्या वर रक्कम घेता येत नाही. 27,14,000 वर ती 2,71,400 होते. "कापूस विकलाच आहे, पाच टाकून ठेवा" असं कोणी म्हटलं तर हात आखडा.

पांढरकवडा_एक्सप्रेस

मॅडम, आमच्या इकडं सहाच फ्लॅटची बिल्डिंग हाय, रेरा नंबरच नाई त्याले. मंग तो फसवते का?

हिंगणघाट_वकिलीण

तेवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. सगळे टप्पे धरून आठ किंवा कमी फ्लॅट, किंवा 500 चौरस मीटरपर्यंतची जमीन असेल तर नोंदणीतून सूट आहे. तालुक्याच्या गावात बहुतेक इमारती अशाच. मात्र तिथे फ्लॅट विक्रीचा जुना, 1963 चा मोफा कायदा बघावा लागतो, आणि त्यातल्या कार्पेटमध्ये बाल्कनीही येते. त्यामुळे एकाच मापाचा फ्लॅट तिथे कागदावर मोठा दिसतो. करारात "कार्पेट" लिहिलं असेल तर कोणत्या व्याख्येचं हे लिहून घ्या. अशा इमारतीत वाद झाला तर नेमकं कुठे जायचं यावर आमच्याकडेही दोन मतं आहेत.

कपाशीवाला_आर्वी

सगळ्यांचे आभार. एक राहिलं, बीएचके. पहिलेवाले आता फोनवर म्हणतात की कार्पेट सोडा, आम्ही त्याच किमतीत अडीच बीएचके देतो, अर्धी खोली अभ्यासाला.

नकाशेवाला

607 फुटांतच ना? मग ती अर्धी खोली हॉलमधून किंवा बेडरूममधून कापूनच येणार. बीएचके फक्त खोल्या मोजतो, त्यांचं माप सांगत नाही, आणि रेरा कायद्यात हा शब्दच नाही. संकेतस्थळावरून मंजूर नकाशा उतरवून घ्या आणि त्या चौकोनात काय लिहिलंय ते वाचा. "स्टोअर" लिहिलं असेल आणि बाहेर उघडणारी खिडकी नसेल तर पोरगी मे महिन्यात वर्ध्याला तिथे बसून अभ्यास करेल का, हे तुम्हीच ठरवा.

कपाशीवाला_आर्वी

नकाशा उतरवला. "एस.टी." लिहिलंय आणि माप 1.5 बाय 2.1. हे मीटर ना?

नकाशेवाला

मीटरच. पाच बाय सात फूट, धान्याच्या कोठ्या मावतील. दुसऱ्याचा नकाशा पण उतरवा, आणि तिथे पार्किंगच्या पैशांबद्दल काय म्हणतात ते विचारून इथे टाका.