एसी, पंखा आणि सकाळचं नाक

> एसी लावून झोपलं की सकाळी शिंका येतात, नाक गळतं. ही सर्दीच ना?

बहुतेक वेळा नाही. सर्दी विषाणूमुळे होते आणि तो नाकात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण १ ते ३ दिवस जातात. रात्री एसी आणि सकाळी सर्दी, हे गणित जुळत नाही. थंड, कोरडा झोत थेट नाकावर आला की आतलं अस्तर चुरचुरतं आणि जास्त पाणी सोडतं, तेच गळतं. खोलीबाहेर पडून तासा-दोन तासांत नाक थांबलं, घसा दुखत नाही, कणकण नाही, तर ही नुसती चुरचुर समजा. पंख्याचंही तेच, फक्त तो पात्यांवरची धूळही उडवतो.

एसी चालू केल्या केल्या शिंका, नाकाला खाज आणि कुबट वास येत असेल, तर मात्र थंडीला दोष देऊ नका. पुढचं झाकण उघडून जाळी बाहेर काढा. राखाडी थर दिसला तर साध्या पाण्याने मागच्या बाजूने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मगच बसवा. ओली बसवली की बुरशी धरते. रोज वापर असेल तर दर पंधरा दिवसांनी हे करा. वास तरीही राहिला तर आतली कॉइल साफ करून घ्यावी लागते. झोत छताकडे वळवा, तापमान २५-२६ ठेवा.

एक खरी भीती आहे: स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. घरात कुणाला सर्दी असेल तर बंद खोलीत ती इतरांना लागू शकते. तेव्हा खिडकी थोडी उघडी ठेवा, वीजबिल थोडं वाढलं तरी.