अनुभव धागा: मधुमेह नसताना रुग्णालयात वाढलेली शुगर आणि घरी आल्यानंतरच्या तपासण्या

इंदिरानगरची लेक (धागाकर्ती)

माझे वडील निफाड तालुक्यात द्राक्षबाग सांभाळतात. वय 61, मधुमेहाची कधीही नोंद नाही. जानेवारीच्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला आणि नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात दाखल करावे लागले. दाखल होतानाच रक्तातील शुगर 238 होती. पुढे श्वासाच्या त्रासासाठी स्टिरॉइड सुरू झाल्यावर दुपारी ती 290 पर्यंत गेली, तेव्हा काही दिवस इन्सुलिन द्यावे लागले. घरी पाठवताना इन्सुलिन बंद केले. डिस्चार्ज कार्डावर "आजारपणाच्या ताणामुळे वाढलेली शुगर, फॉलोअप करावा" एवढीच ओळ आहे. कोणती तपासणी, किती दिवसांनी आणि कोणता आकडा आला तर काय, हे लिहिलेले नाही. दाखल असताना काढलेली एचबीएवनसी 6.1 आली होती.

अशा प्रसंगातून गेलेल्यांनी आपल्या घरातील पुढच्या तपासण्या कशा ठरल्या, कोणता आकडा फसवा निघाला आणि कोणता खरा ठरला, हे सविस्तर लिहावे ही विनंती. उपचारांचा निर्णय आम्ही डॉक्टरांशी बोलूनच घेऊ, परंतु त्यांच्यापुढे बसताना नेमके काय विचारायचे हे मला समजून घ्यायचे आहे.

पंचवटीतील गृहस्थ

आमच्या आईला मागील पावसाळ्यात असाच न्यूमोनिया झाला होता आणि शुगर 210 होती. एचबीएवनसी 5.5 आली, ताप उतरल्यावर शुगरही उतरली आणि आम्ही विषय संपवला. आजारपणात शरीर कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनालिन जास्त सोडते, त्यामुळे यकृत रक्तात साखर ओतत राहते आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो, असे आम्हाला समजावून सांगितले होते. म्हणून माझे मत असे की, एचबीएवनसी 6.5 च्या खाली असली तर मधुमेह नाही, आणि आजार बरा झाल्यावर पुन्हा तपासण्याची आवश्यकता नाही. आपल्या वडिलांचे 6.1 हे त्या मर्यादेच्या आतच आहे.

सातपूरच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ

काकांनी सांगितलेले कारण बरोबर आहे, परंतु निष्कर्ष मला पटत नाही. 5.5 आणि 6.1 यांना एकाच तराजूत तोलता येत नाही, कारण 5.7 ते 6.4 हा पट्टा मधुमेहपूर्व अवस्थेचा मानला जातो. आईंच्या बाबतीत आजारपणाचा ताण हे उत्तर बरेच समाधानकारक आहे. ताईंच्या वडिलांच्या बाबतीत ते अर्धेच उत्तर आहे.

माझ्या कामातील एक गोष्ट आवर्जून सांगते. हाताला ग्लुकोजयुक्त सलाईन चालू असते आणि घाईत त्याच हातातून, सुईच्या वरच्या बाजूने रक्त घेतले जाते. तेव्हा शुगर 400 किंवा 500 दिसते आणि घरचे हादरतात. असा एकच उंच आकडा आधीच्या व नंतरच्या आकड्यांशी अजिबात जुळत नसेल, तर सलाईन कोणत्या हाताला होते हे विचारावे आणि दुसऱ्या हातातून रक्त पुन्हा तपासावे. गोड फळ हाताळलेल्या, न धुतलेल्या बोटावर ग्लुकोमीटर लावला तरीही आकडा खोटा येतो.

निफाडकर

माझी हकीकत थोडी वेगळी आहे, पण ती इथे उपयोगी पडेल असे वाटते. मुंबई-आग्रा महामार्गावर माझ्या दुचाकीला अपघात झाला, मांडीचे हाड मोडले आणि बराच रक्तस्राव झाला. तातडीने शस्त्रक्रिया झाली आणि रक्ताच्या पिशव्या चढवाव्या लागल्या. शस्त्रक्रियेनंतर शुगर 190 ते 220 च्या दरम्यान राहिली. चार दिवसांनी कोणाच्या तरी लक्षात आले आणि एचबीएवनसी काढली, ती 5.4 आली. कार्डावर "मधुमेह नाही" असे स्वच्छ लिहिले गेले.

पुढे हाडाच्या तपासणीसाठी गेलो असता एका तरुण डॉक्टरांनी कागद चाळले आणि विचारले, की ही तपासणी रक्त देण्याच्या आधीची आहे की नंतरची. नंतरची आहे म्हटल्यावर ते म्हणाले, की ही तपासणी लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि त्या नळीतील बऱ्याच पेशी माझ्या नव्हत्याच, रक्तदात्याच्या होत्या. रक्तस्रावानंतर माझ्या शरीरानेही नव्या पेशी तयार केल्या असणार, आणि नव्या पेशींना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो. लाल पेशी साधारण 120 दिवस टिकतात, म्हणून त्यांनी त्या आकड्यावर विसंबू नये असे सांगितले आणि हाड जुळून, वेदनाशामके बंद होऊन, जेवण पूर्ववत झाल्यावर उपाशीपोटीची शुगर आणि 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची शुगर करण्यास सांगितले.

उपाशीपोटी 114 आली, दोन तासांनी 178. मधुमेह नाही, पण निरोगीही नाही. 5.4 या आकड्यावर थांबलो असतो तर मला हे कळलेच नसते. चार महिन्यांनंतर एचबीएवनसी पुन्हा केली तेव्हा ती 6.0 आली, म्हणजे दोन्ही तपासण्या एकच गोष्ट सांगू लागल्या.

देवळाली कॅम्पची आई

मला गरोदरपणात साखर वाढली होती आणि बाळंतपणानंतर आपोआप उतरली. मलाही 75 ग्रॅमची तपासणी करायला सांगितली आहे. यालाच ताणाची शुगर म्हणतात का?

गंगापूर रोडचे निवृत्त फिजिशियन

देवळालीच्या ताईंचा प्रश्न या धाग्यापेक्षा वेगळा आहे. गरोदरपणातील शुगर ही निराळी अवस्था आहे. बाळंतपणानंतर 4 ते 12 आठवड्यांत ती तपासणी करायची असते, आणि ती चुकवू नये.

धागाकर्तीच्या वडिलांविषयी, कागद न पाहता, केवळ दिलेल्या माहितीवर मी कसा विचार केला असता ते लिहितो. पहिला प्रश्न असा, की शुगर स्टिरॉइडच्या आधी वाढलेली होती की नंतर. इथे दाखल होतानाच 238 होती, म्हणजे सगळे खापर स्टिरॉइडवर फोडता येत नाही. दुपारचे 290 मात्र बहुधा स्टिरॉइडचे आहे, कारण सकाळी दिलेल्या स्टिरॉइडचा परिणाम दुपारी आणि संध्याकाळी जास्त दिसतो आणि पहाटेची शुगर अनेकदा चांगली येते. म्हणूनच स्टिरॉइड चालू असताना केवळ उपाशीपोटीच्या तपासणीवर समाधान मानणे धोक्याचे असते.

दुसरा प्रश्न एचबीएवनसीचा. दाखल असताना ती 6.5 किंवा त्याहून जास्त आली असती, तर मी म्हटले असते की मधुमेह आजाराच्या आधीपासूनच होता, तो फक्त आता उघडकीस आला. दोन आठवड्यांचा न्यूमोनिया हा आकडा इतका वर नेऊ शकत नाही. 6.1 म्हणजे आधीची काही महिन्यांची साखर सीमेवर होती. अशा रुग्णाचे भवितव्य रुग्णालयातील आकड्यावरून ठरवता येत नाही, म्हणून मी स्टिरॉइड पूर्ण बंद होऊन, भूक आणि चालणे पूर्ववत झाल्यावर, साधारण सहा ते बारा आठवड्यांनी उपाशीपोटीची शुगर आणि ग्लुकोजची तपासणी करायला सांगतो. त्या आधीचे तीन दिवस नेहमीसारखी भाकरी, भात खावा. पथ्य म्हणून कर्बोदके तोडून गेल्यास आकडा उलट जास्त येऊ शकतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

एक अपवाद आहे. या काळात खूप तहान लागणे, वारंवार लघवी होणे किंवा वजन झपाट्याने घटणे सुरू झाले, तर बारा आठवड्यांची वाट पाहू नये, त्याच दिवशी शुगर पाहावी.

नाशिकरोडचे निवृत्त कर्मचारी

मला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा शुगर 186 होती आणि ती ताणाची म्हणून सोडून दिली गेली. एचबीएवनसी 6.3 होती. तीन महिन्यांनी उपाशीपोटी 108 आली, त्यामुळे घरचे निश्चिंत झाले. पण हृदयरोगतज्ज्ञांनी ग्लुकोजची तपासणी करायला लावली आणि दोन तासांनंतर 214 आली. काहीच लक्षणे नसताना एका आकड्यावर निदान करायचे नाही म्हणून ती पुन्हा केली, तेव्हा 206 आली आणि मधुमेहाचे निदान पक्के झाले. नाश्त्यानंतरची पीपी त्याआधी दोनदा चांगली आली होती, परंतु ती निदानासाठीची तपासणी नाही. पोह्यांमध्ये किती कर्बोदके गेली याचे मोजमाप तिथे नसते.

गंगापूर रोडचे निवृत्त फिजिशियन

आपला अनुभव अपवादात्मक नाही. 2002 साली स्वीडनमधील एका अभ्यासात, मधुमेह माहीत नसलेल्या 181 हृदयविकार रुग्णांची ग्लुकोज तपासणी घरी पाठवताना आणि पुन्हा तीन महिन्यांनी केली होती. तीन महिन्यांनंतरही साधारण एकचतुर्थांश रुग्णांना मधुमेह आणि चाळीस टक्क्यांना मधुमेहपूर्व अवस्था आढळली. ताण ओसरल्यावरही बहुतेकांची साखर सामान्य झाली नाही.

मात्र सगळ्याच रुग्णांना ग्लुकोजची तपासणी करावी की नाही, यावर आमच्यातही एकमत नाही. अनेक जण केवळ एचबीएवनसी आणि उपाशीपोटीच्या शुगरवर थांबतात, कारण ज्येष्ठांना ती तपासणी जड जाते, दोन तास बसावे लागते. माझा कल सीमेवरच्या आकड्यांना ती करण्याकडे आहे.

पंचवटीतील गृहस्थ

निफाडकरांची गोष्ट वाचून आईचे कागद काढून पाहिले. तिला रक्त चढवले नव्हते, पण हिमोग्लोबिन 8.2 होते आणि लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यामुळे 5.5 चा आकडा खोटा असू शकेल का?

सातपूरच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ

लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी सहसा खऱ्यापेक्षा थोडी जास्त दिसते, त्यामुळे त्या कारणाने 5.5 हा आकडा फसवा कमी आलेला असण्याची शक्यता नाही. मात्र पेशी लवकर नष्ट होणाऱ्या आजारात, उदाहरणार्थ आपल्या जिल्ह्यातील आदिवासी तालुक्यांत दिसणाऱ्या सिकलसेलमध्ये, आकडा उलट कमी दिसतो. रक्तक्षयाचे कारण लोहच होते का, हे आईंच्या कागदांवर लिहिले आहे का ते पाहावे. लिहिले नसेल तर साधी उपाशीपोटीची शुगर एकदा करून घ्यावी. तिच्यावर हिमोग्लोबिनचा असा परिणाम होत नाही.

इंदिरानगरची लेक (धागाकर्ती)

वडिलांचे स्टिरॉइड फेब्रुवारीत बंद झाले. मार्चअखेर उपाशीपोटी 109 आली, ग्लुकोजनंतर 166. डॉक्टरांनी वर्षभराने पुन्हा तपासायला सांगितले आहे आणि तोपर्यंत वजन कमी करायला. वडिलांचा आग्रह मात्र आहे की बागेची छाटणी उरकल्यावरच पुढची तारीख ठरवायची.

निफाडकर, आपल्याला पुढची तपासणी किती महिन्यांनी सांगितली आहे?

निफाडकर

मला सहा महिन्यांनी सांगितली आहे, कारण माझ्या वडिलांना मधुमेह आहे. आपल्या आजी-आजोबांपैकी कोणाला होता का, हे डॉक्टरांना सांगितले आहे का?

इंदिरानगरची लेक (धागाकर्ती)

आजीला होता. ते विचारले गेले नव्हते आणि मीही सांगितले नव्हते. सोमवारी फोन करून सांगते.